वजनाधारित मोजणी
वजनाधारित मोजणी : एकसारख्या लहान वस्तूंची संख्या एकेक नग न मोजता वजनावरून काढण्याची पद्धत. प्रथम थोडे नग हाताने मोजून त्यांचे वजन करतात व त्यावरून एका नगाचे सरासरी वजन ठरवितात. त्यानंतर संपूर्ण ढिगाचे वजन करून त्याला या सरासरीने भागले म्हणजे ढिगातील नगांची संख्या मिळते. स्क्रू, नट, वायसर, रिव्हेट, गुंड्या, प्लॅस्टिकची साच्यातील सुटी अंगे, विद्युत् मंडलांत लागणारे रोधक, औषधाच्या गोळ्या इ. वस्तूंच्या बाबतीत कारखान्यांतील भांडारात, पुड्या बांधताना आणि मालसाठ्याच्या वार्षिक तपासणीत ही पद्धत वापरतात. पाच हजार स्क्रू हाताने मोजण्यास काही तास लागतात. शिवाय कंटाळवाण्या कामात मोजणाऱ्याचा अंक चुकण्याचा संभव असतो. वजनाने हेच काम काही मिनिटांत होते. मात्र मिळालेली संख्या ही अंदाजित संख्या असते. तो अंदाज किती नगांनी चुकू शकेल, हे नगांच्या वजनांतील फरक, नमुन्याचा आकार आणि काट्याची सूक्ष्मता यांवरून आधीच सांगता येते.

तत्त्व : ढिगाचे निव्वळ वजन W, नमुन्यातील मोजलेले नग n आणि त्यांचे निव्वळ वजन S असल्यास ढिगातील नगांची संख्या N पुढील सूत्राने मिळते.

N = W × n ÷ S

या सूत्रात दोन वजनांचे केवळ गुणोत्तर येते. त्यामुळे दोन्ही वजने एकाच काट्यावर केली आणि तो काटा सर्वच वजने सारख्या प्रमाणात, उदा., शेकडा अर्ध्याने, जास्त दाखवीत असला, तरी संख्येत काही फरक पडत नाही. अंश व छेद यांतील ती चूक परस्परांना छेदून जाते. वजनावर माल विकणाऱ्याला असा काटा चालणार नाही, पण संख्या काढणाऱ्याला चालतो. याउलट, काट्याचा शून्यांक सरकलेला असेल, तर ती चूक छेदून जात नाही. रिकाम्या पारड्यात काटा ०.२ ग्रॅम दाखवीत असेल, तर दहा किग्रॅ. ढिगाच्या वजनावर त्याचा परिणाम नगण्य असतो. परंतु वीस ग्रॅमच्या नमुन्यात तीच चूक शेकडा एक इतकी होते आणि मग संपूर्ण संख्याच शेकडा एकने चुकते. म्हणून नमुना ठेवण्यापूर्वी शून्यांक तपासणे ही या पद्धतीतील पहिली पायरी होय.

साधने : इलेक्ट्रॉनिक काटे येण्यापूर्वी या कामासाठी असमान भुजांचे यांत्रिक तराजू वापरीत. त्यांच्या दांडीच्या आखूड भुजेवर ढीग ठेवण्याचे मोठे पारडे असे व लांब भुजेवर दोन लहान पारडी असत. त्यांपैकी एका पारड्यातील एक नग मोठ्या पारड्यातील दहा नगांना व दुसऱ्यातील एक नग शंभर नगांना तोलून धरील, अशी भुजांची लांबी ठेवलेली असे. शंभराच्या पारड्यात ४७ आणि दहाच्या पारड्यात ६ नग टाकल्यावर ढीग किंचित जड राहिला आणि त्यातील ३ नग काढल्यावर दांडी समतोल झाली, तर ढिगात ४,७०० + ६० + ३ = ४,७६३ नग आहेत, असे मानीत. लहान पारड्यांतील ५३ नग त्याच ढिगातून घेतलेले असल्यास ते वेगळे मिळवावे लागत. या रीतीत वजनाचा आकडा कोठेच येत नाही. नगांनीच नग तोलले जातात. अर्थात यातही नमुना असतोच. तो म्हणजे मुख्यतः शंभराच्या पारड्यातील ४७ नग होत. पुढे दाखविल्याप्रमाणे एवढ्या नमुन्यामुळे येणारी अनिश्चितता अनेक नगांची असू शकते. अशा वेळी ४,७६३ मधील शेवटच्या ३ या अंकाला फारसा अर्थ उरत नाही.

आधुनिक मोजणी काट्यात पारड्याखाली लोडसेल हा भारसंवेदक असतो. भाराने त्यातील धातूचा ठोकळा अत्यल्प वाकतो, त्यावर चिकटविलेल्या बारीक पट्ट्यांचा विद्युत् रोध बदलतो आणि त्या बदलाचे अंकांत रूपांतर होते. काम करणारी व्यक्ती मोजलेले नग पारड्यात ठेवते व त्यांची संख्या कळफलकावर नोंदविते. काटा सरासरी काढून ती स्मृतीत साठवितो आणि नंतर ठेवलेल्या मालाची संख्या सरळ दर्शवितो. भागाकार काट्याच्या आत होत असल्याने समोर पूर्णांक दिसतो. हा पूर्णांक हाताने मोजल्यासारखाच निश्चित आहे, असा समज होणे हा या साधनाच्या वापरातील मोठा धोका होय.

नगांच्या वजनांतील फरक : एकाच यंत्रावर, एकाच तारेपासून केलेले स्क्रूही तंतोतंत सारख्या वजनाचे नसतात. तारेचा व्यास, तुकड्याची लांबी, डोक्याची उंची, जस्ताच्या मुलाम्याची जाडी यांत अल्पसा फरक पडतच असतो. हा फरक किती आहे हे कळण्यासाठी काही नग एकेक करून सूक्ष्म काट्यावर तोलावे लागतात. उदाहरणादाखल, सुमारे दोन ग्रॅम वजनाच्या दहा स्क्रूंची वजने पुढीलप्रमाणे आली, असे समजू : २.०१, १.९८, २.००, २.०३, १.९९, २.०२, १.९७, २.००, २.०१ व १.९९ ग्रॅम. त्यांची बेरीज २०.०० ग्रॅम आणि सरासरी २.०० ग्रॅम येते. वैयक्तिक वजने सरासरीच्या आसपास साधारणतः किती विखुरलेली आहेत हे दर्शविणाऱ्या मापाला सांख्यिकीत मानक विचलन म्हणतात. वरील दहा वजनांसाठी ते सु. ०.०१८ ग्रॅम येते. पुढील गणितात सोयीसाठी ते ०.०२ ग्रॅम, म्हणजे सरासरीच्या १ टक्का, असे धरले आहे.

हा एक टक्क्याचा फरक ढिगाच्या आणि नमुन्याच्या वजनावर अगदी वेगळ्या प्रकारे परिणाम करतो. ढिगात हजारो नग असतात. त्यांतील काही जड तर काही हलके असल्याने त्यांचे फरक बव्हंशी एकमेकांना भरून काढतात. ५,००० नगांच्या एकूण वजनातील अशी अनिश्चितता नगांच्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात, म्हणजे सु. ७१ नगांच्या एक टक्का, असते; ती एका नगाहूनही कमी भरते. तेव्हा ढिगाचे वजन जवळजवळ निर्दोष मानता येते. नमुन्याची गोष्ट तशी नाही. नमुन्यातील दहा नग योगायोगाने थोडे जड निघाले, तर सरासरी तितकी वाढते आणि ढिगातील प्रत्येक नगाला तीच चुकीची सरासरी लागू होते. ही चूक भरून निघत नाही. ढीग जितका मोठा तितक्या पटीने ती वाढते. या पद्धतीतील अचूकपणा अशा रीतीने मुख्यत्वे नमुन्यावर अवलंबून असतो.

नमुन्याचा आकार : नमुन्यातील नगांची संख्या वाढविली म्हणजे सरासरीतील अनिश्चितता त्या संख्येच्या वर्गमूळाच्या प्रमाणात घटते. वरील स्क्रूंच्या बाबतीत १० नगांच्या नमुन्याच्या सरासरीचे मानक विचलन ०.३२ टक्के, तर १०० नगांच्या नमुन्याचे ०.१ टक्का येते. ५,००० नगांच्या ढिगाला हे लावले असता अनुक्रमे १६ व ५ नग मिळतात. प्रत्यक्ष चूक साधारणतः वीसपैकी एकोणीस वेळा मानक विचलनाच्या दुपटीच्या आत राहते. त्यामुळे पहिल्या नमुन्याने संख्या ३२ नगांपर्यंत व दुसऱ्याने १० नगांपर्यंत चुकू शकते, असे धरून चालणे इष्ट असते. नमुना दसपट केल्याने चूक दसपट कमी होत नाही. ती जेमतेम एक तृतीयांशावर येते.

याचे पूर्ण उदाहरण असे देता येईल. एका भांडारात ०.१ ग्रॅमपर्यंत वाचन देणारा लहान काटा व १ ग्रॅमपर्यंत वाचन देणारा १५ किग्रॅ. क्षमतेचा मोठा काटा आहे. रिकाम्या पेटीचे वजन वजा केल्यावर स्क्रूंच्या ढिगाचे निव्वळ वजन १०,००४ ग्रॅम भरले. दहा स्क्रूंचा नमुना लहान काट्यावर २०.१ ग्रॅम भरला. सरासरी २.०१ ग्रॅम धरून ढिगातील संख्या ४,९७७ येते. नंतर शंभर स्क्रूंचा नमुना घेतला, तो १९९.८ ग्रॅम भरला. सरासरी १.९९८ ग्रॅम येऊन संख्या ५,००७ मिळते. पडताळणीसाठी संपूर्ण ढीग हाताने मोजला असता ५,००३ स्क्रू आढळले. पहिला अंदाज २६ नगांनी कमी व दुसरा ४ नगांनी अधिक आला. दोन्ही वेळा कोणाचाही हलगर्जीपणा नव्हता आणि काटेही बिघडलेले नव्हते. दोन्ही चुका वर काढलेल्या मर्यादांत बसतात.

शंभर नगांच्या पुड्या बांधताना प्रश्नाचे स्वरूप थोडे बदलते. येथे चूक अर्ध्या नगापेक्षा कमी राहिली, तर काट्यावरील पूर्णांक बरोबर येतो. अर्ध्याहून जास्त झाली, तर पुडीत एक नग कमी वा अधिक जातो. शंभर नगांचा नमुना वापरल्यास सरासरीची व पुडीतील नगांची अशी एकत्रित अनिश्चितता ०.१४ नग असते. तिची दुप्पट ०.२८ असल्याने पुड्या जवळजवळ निरपवादपणे बरोबर भरतात. दहाच नगांचा नमुना घेतल्यास हीच अनिश्चितता ०.३३ नग होते व तिची दुप्पट अर्ध्याच्या पुढे जाते. त्यातही महत्त्वाची बाब अशी की, सरासरी एकदाच ठरवून दिवसभर तीच वापरली जाते. ती चुकली म्हणजे एखादी पुडी नव्हे, तर त्या दिवशीच्या बहुतेक सर्व पुड्या एकाच दिशेने चुकतात. नमुना हलका निघाला असेल, तर काटा प्रत्यक्षापेक्षा जास्त संख्या दाखवितो आणि पुड्यांत नग कमी पडतात. नमुना जड असल्यास पुड्यांत नग जास्त जातात. अशा वेळी एकाच काट्यावर पुन्हा वजन करून चूक सापडत नाही, कारण पडताळणीतही तीच सरासरी वापरली जाते. ती पकडण्यासाठी मधूनमधून एखादी पुडी हाताने मोजणे आवश्यक असते.

काट्याचे लघुतम माप : काटा ०.१ ग्रॅमपर्यंतच वाचन देत असल्यास खरे वजन दाखविलेल्या आकड्याच्या ०.०५ ग्रॅम मागेपुढे असू शकते. दहा स्क्रूंच्या वीस ग्रॅम वजनात ही अनिश्चितता ०.२५ टक्के होते, म्हणजे ५,००० नगांत १२ ते १३ नगांची भर पडते. शंभर स्क्रूंच्या नमुन्यात मात्र ती ०.०२५ टक्के, म्हणजे ५,००० नगांत सव्वा नग एवढीच राहते. वजनातील नैसर्गिक फरकाची चूक नमुन्याच्या वर्गमूळाने घटते, तर काट्याच्या वाचनाची चूक नमुन्याच्या सरळ प्रमाणात घटते. म्हणून काटा जाडाभरडा असला, तर नमुना मोठा घेतल्याचा फायदा अधिक होतो.

नग अगदी हलके असतील, तर काट्याचे लघुतम माप हीच मुख्य अडचण ठरते. ०.०२ ग्रॅम वजनाचे दहा रोधक वरील काट्यावर ०.२ ग्रॅम दाखवितात. खरे वजन ०.१५ ते ०.२५ ग्रॅमच्या दरम्यान कोठेही असू शकते, म्हणजे चूक चतुर्थांशापर्यंत जाते आणि मिळालेल्या संख्येवर मुळीच विसंबता येत नाही. अशा वस्तूंसाठी सूक्ष्म काटा तरी हवा, नाहीतर नमुन्यात कित्येक शेकडा नग तरी हवेत. नमुन्याचे वजन काट्याच्या लघुतम मापाच्या निदान एक हजार पट असावे, असा साधा हिशेब ठेवला, तर वाचनाची चूक ०.०५ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

टप्प्याटप्प्याने वाढविलेला नमुना : मोठा नमुना हाताने मोजण्याचे श्रम एका युक्तीने वाचविता येतात. प्रथम दहा नग काळजीपूर्वक मोजून पारड्यात ठेवतात व सरासरी काढतात. मग त्यांत अंदाजे तितकेच नग न मोजता टाकतात. काटा १९, २० किंवा २१ अशी संख्या दाखवितो. इतक्या थोड्या नगांत चूक अर्ध्या नगाच्या जवळपासही जात नसल्याने हा पूर्णांक खात्रीचा असतो. आता या वीस नगांचा नवा नमुना मानून सरासरी पुन्हा काढतात. याच रीतीने नग दुप्पट करीत ४०, ८०, १६० व ३२० पर्यंत जाता येते. मोजणी काट्यांपैकी अनेकांत ही सरासरी सुधारण्याची क्रिया आपोआप होण्याची सोय असते.

ही साखळी कोठे थांबवायची याचे उत्तरही नगांच्या फरकातच आहे. n नगांवरून दुप्पट होताना येणारी अनिश्चितता सापेक्ष विचलन गुणिले २n चे वर्गमूळ एवढी असते. एक टक्का विचलनाच्या स्क्रूंसाठी १६० वरून ३२० वर जाताना ती ०.१८ नग येते. तिची दुप्पट ०.३६ असल्याने पूर्णांक सुरक्षित असतो. ३२० वरून ६४० वर जाताना मात्र ती ०.२५ होते, म्हणजे दुप्पट अर्ध्या नगाला टेकते व एका नगाची चूक नकळत नमुन्यात शिरू शकते. तेथेच थांबणे योग्य. नगांचे विचलन तीन टक्के असेल, तर ही मर्यादा ४० नगांच्या आसपासच येते. ३२० नगांचा नमुना मिळाल्यावर ५,००० नगांच्या ढिगातील संभाव्य चूक सु. ६ नगांपर्यंत उतरते, आणि हाताने मोजलेले असतात ते केवळ दहा नग. पहिले दहा नग मोजताना मात्र चूक होऊन चालत नाही. दहाऐवजी नऊ नग ठेवून दहा म्हणून नोंदविले, तर काटा पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तीच दहा टक्क्यांची चूक इमानाने वाढवीत नेतो.

नमुना प्रातिनिधिक नसल्यामुळे होणाऱ्या चुका : आतापर्यंतचे गणित ढिगातील सर्व नग एकाच समूहातील आहेत या गृहीतावर आधारलेले आहे. ते खरे नसेल, तर नमुना कितीही मोठा घेतला तरी चूक कमी होत नाही. प्लॅस्टिकच्या साच्यात बहुधा अनेक पोकळ्या असतात व प्रत्येक पोकळीतून निघणाऱ्या नगाचे वजन थोडे वेगळे असते. दोन निरनिराळ्या दिवशी, निरनिराळ्या तारेपासून केलेले स्क्रू एकाच पेटीत ओतले जातात. काही स्क्रूंवर कापण्याच्या वेळचे तेल राहिलेले असते, तर काही धुऊन कोरडे केलेले असतात. नमुना पेटीच्या वरच्या थरातून घेतल्यास त्यात एकाच प्रकारचा माल येण्याचा संभव असतो.

ही स्थिती ओळखण्यासाठी पेटीच्या वेगवेगळ्या भागांतून सारख्या संख्येचे अनेक नमुने घेऊन त्यांची वजने ताडून पाहतात. वरील स्क्रूंचे पन्नास-पन्नासचे नमुने घेतले, तर त्यांच्या वजनांचे मानक विचलन सु. ०.१४ ग्रॅम असावयास हवे. म्हणजे १०० ग्रॅमच्या मागेपुढे सु. ०.३ ग्रॅमपर्यंतचा फरक स्वाभाविक होय. चार नमुन्यांची वजने १००.१, ९९.८, १००.२ व १०१.६ ग्रॅम अशी आली, तर पहिल्या तिघांतील फरक योगायोगाचे आहेत, पण चौथ्याचा नाही. तेथील माल वेगळा आहे. अशा वेळी चारही नमुन्यांची सरासरी घेऊन चालत नाही, कारण पेटीत दोन्ही प्रकार किती प्रमाणात आहेत हे माहीत नसते. दोन्ही प्रकार वेगळे करून मोजावेत किंवा ते शक्य नसल्यास ढीग नीट मिसळून त्यातून नमुना घ्यावा.

भांड्याचे वजन हे चुकीचे दुसरे मूळ होय. माल ठेवलेल्या पेटीचे वजन प्रथम वजा करावे लागते. पारंपरिक तराजूवर रिकाम्या भांड्याइतके वजन दुसऱ्या पारड्यात ठेवून समतोल साधण्याच्या क्रियेला धडा करणे म्हणतात. कारखान्यात एकसारख्या दिसणाऱ्या सर्व पेट्यांसाठी एकच वजन लिहून ठेवण्याची सवय असते. परंतु पुठ्ठ्याची व लाकडाची पेटी पावसाळ्यात ओलावा शोषून जड होते, आणि प्लॅस्टिकच्या पेट्यांतही काही ग्रॅमचा फरक असतो. पेटीच्या वजनातील २० ग्रॅमच्या चुकीने दोन ग्रॅमचे दहा स्क्रू कमीजास्त होतात. ही चूक ढिगाच्या आकारावर अवलंबून नसल्याने लहान ढिगांत ती सर्वांत अधिक बाधते. प्रत्येक रिकाम्या पेटीवर तिचे प्रत्यक्ष वजन लिहिणे हा यावर खात्रीचा उपाय आहे.

तिसरे मूळ दोन काट्यांच्या वापरात असते. नमुना लहान काट्यावर व ढीग मोठ्या काट्यावर तोलल्याने सूक्ष्मतेचा लाभ मिळतो. पण एकाच काट्याच्या वापराने छेदून जाणारी प्रमाणबद्ध चूक आता छेदून जात नाही. दोन काट्यांत ०.१ टक्क्याची तफावत असेल, तर ५,००० नगांत ५ नगांची चूक होते. ही तफावत शोधण्यासाठी एकच वस्तू, उदा., एक किग्रॅ.चे प्रमाणित वजन, दोन्ही काट्यांवर ठेवून वाचने ताडून पाहतात.

उपयोगाच्या सीमा : नगांच्या वजनांत फार फरक असेल तेथे ही पद्धत संख्या देण्यापेक्षा सरासरीची पारख करण्यास अधिक उपयोगी पडते. बियाण्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. एकाच कणसातील दाणे वजनाने वेगवेगळे असतात, शिवाय हवेतील ओलाव्यानुसार त्यांचे वजन बदलते. म्हणून आंतरराष्ट्रीय बीज परीक्षण संघटनेच्या नियमांत हजार दाण्यांचे वजन ठरविण्यासाठी शंभर-शंभर बियांचे आठ संच वेगवेगळे तोलण्याची रीत दिलेली आहे. या संचांच्या वजनांचे सापेक्ष विचलन ४ टक्क्यांपेक्षा (फोलकटासह असलेल्या गवताच्या बियांसाठी ६ टक्क्यांपेक्षा) जास्त आढळल्यास आणखी आठ संच तोलावे लागतात. म्हणजे नमुना विश्वसनीय आहे की नाही, याची कसोटी येथे नियमातच घातलेली आहे.

नाण्यांच्या बाबतीत उलट स्थिती असते. टांकसाळीत वजनावर कडक नियंत्रण असल्याने एकाच प्रकारच्या नाण्यांची मोजणी वजनाने उत्तम होते. प्रकार मिसळले असता मात्र पद्धत कोलमडते. भारतात १९९२ पासून काढलेले पोलादी एक रुपयाचे नाणे ४.८५ ग्रॅमचे होते, तर २०११ च्या मालिकेतील एक रुपयाचे नाणे ३.७९ ग्रॅमचे आहे. आणि त्याच मालिकेतील दोन रुपयांच्या नाण्याचे वजन ४.८५ ग्रॅम आहे. अशा मिश्र पिशवीचे वजन करून नाण्यांची संख्या किंवा रक्कम यांपैकी काहीच कळत नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १० सेंटचे नाणे २.२६८ ग्रॅमचे व २५ सेंटचे ५.६७० ग्रॅमचे आहे. ही वजने किंमतीच्याच प्रमाणात असल्याने तेथील अशा मिश्र पिशवीत एकूण नाणी किती हे वजनावरून सांगता येत नाही. परंतु दर २२.६८ ग्रॅमला एक डॉलर या हिशेबाने रक्कम सांगता येते.

व्यवहारात या पद्धतीने काढलेल्या संख्येसोबत नमुना किती नगांचा होता, तो किती ठिकाणांहून घेतला आणि पेटीचे वजन प्रत्यक्ष केले होते की लिहून ठेवलेले घेतले, या तीन नोंदी ठेवल्यास ती संख्या किती नगांनी चुकू शकते हे नंतर कोणालाही पडताळता येते. मालसाठ्याच्या तपासणीत ५,००० नगांमागे पाच-दहा नगांचा फरक बहुधा चालतो. जोडणीच्या संचातील पुडीत मात्र एक स्क्रू कमी पडला तरी पूर्ण जोडणी अडते. अशा पुड्या लहान ठेवून व मोठ्या नमुन्यावर भरून ही पद्धत अचूक संख्येपर्यंत नेता येते. आणि जेथे नगांचा फरक त्याला आड येतो, तेथे हाताने किंवा प्रत्येक नग वेगळा हेरणाऱ्या यंत्राने मोजणी करावी लागते.